रेझिस्टर आणि बल्ब: कोणाचं V/I गुणोत्तर स्थिर राहतं, ते आलेखावरून तपासणं

ओहमच्या नियमाचा प्रयोग बहुतेक ठिकाणी नुसत्या रेझिस्टरवर होतो. चार-पाच वाचनं घेतली, आलेखावर सरळ रेषा आली, नियम सिद्ध झाला असं लिहून टाकलं. पण ती रेषा सरळ आली याचं महत्त्व समजायला शेजारी एक अशी वस्तू हवी जिची रेषा वाकते. फिलामेंटचा बल्ब हे काम चोख करतो. दोन्हींची वाचनं एकाच जोडणीत घेतली तर मीटरच्या चुकाही दोघांना सारख्याच लागू होतात आणि तुलना खरी ठरते.

खालची मांडणी घरच्या टेबलावर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत साध्या सेलवर होते. घरातल्या २३० व्होल्टच्या बल्बवर हा प्रयोग करायचा नाही. आलेख तसाच वाकतो, पण उघड्या तारांना हात लागण्याचा धोका त्यासाठी पत्करण्यात अर्थ नाही.

सामान निवडताना

बल्ब म्हणून गाडीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा पार्किंग बल्ब घ्या. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात तो सहज मिळतो. काचेतून बारीक तार दिसते आहे ना, ते बघूनच घ्या. हल्ली त्याच आकारात एलईडी येतात आणि एलईडीचा आलेख पूर्ण वेगळी गोष्ट सांगतो: ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळजवळ शून्य धारा आणि मग एकदम उडी.

रेझिस्टर ३३ ओहम, १० वॅटचा घ्या. हा पांढरा, चौकोनी, सिमेंटचा असतो आणि त्यावर 10W33ΩJ असं छापलेलं असतं. शेवटचं J म्हणजे किंमत पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते. पाव वॅटचा रंगीत पट्ट्यांचा छोटा रेझिस्टर इथे चालणार नाही. ३३ ओहमवर १२ व्होल्ट दिले की सव्वाचार वॅटहून थोडी जास्त उष्णता तयार होते. पाव वॅटवाला २.९ व्होल्टच्या आतच आपली मर्यादा गाठतो, त्यापुढे आधी काळा पडतो आणि मग धूर काढतो. काळा पडता पडता त्याचा रोधही बदलतो, म्हणजे ज्याचं गुणोत्तर स्थिर दाखवायचं तोच दगा देतो.

वीजपुरवठ्यासाठी आठ अल्कलाइन पेन्सिल सेल, चार-चारच्या दोन होल्डरमध्ये, एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेलच्या सांध्यावर मगरचिमटा लावता आला की दीड, तीन, साडेचार असं करत बारा व्होल्टपर्यंत पायऱ्या मिळतात. साधे झिंक-कार्बनचे सेल ४०० मिलिॲम्पिअरला लगेच बसतात, वाचन लिहून होईपर्यंत आकडा खाली घसरतो. प्रयोगशाळेत बदलता येणारा डीसी पुरवठा असेल तर उत्तमच.

याखेरीज एक ओहम, ५ वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर, एक किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, मगरचिमट्यांच्या सात-आठ तारा आणि दोन डिजिटल मल्टिमीटर. साधे, स्वस्त, पिवळे मीटर पुरतात.

धारा मोजायची, पण ॲमीटरने नाही

पुस्तकातल्या आकृतीत एकसर जोडणीत ॲमीटर असतो. स्वस्त मल्टिमीटरचा ॲमीटर वापरला की मात्र अडचण होते. त्यात धारेच्या दोनच उपयोगी पट्ट्या असतात. 200m या पट्टीची मर्यादा २०० मिलिॲम्पिअर, आणि आपल्या बल्बला पूर्ण व्होल्टेजवर जवळपास ४०० लागतात, म्हणजे फ्यूज जातो. 10A ही पट्टी घेतली तर आकडा ०.०१ ॲम्पिअरच्या टप्प्याने बदलतो. ३९ मिलिॲम्पिअरची धारा तिथे ०.०३ किंवा ०.०४ दिसते, आणि त्यावरून काढलेल्या गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही. बल्बच्या आलेखाचा सगळ्यात बोलका भाग नेमका याच लहान धारांमध्ये आहे.

म्हणून एक ओहमचा रेझिस्टर परिपथात एकसर जोडा आणि दुसरा मल्टिमीटर व्होल्टेजच्या 2000m पट्टीवर ठेवून त्याच्या दोन टोकांना लावा. एक ओहममधून एक मिलिॲम्पिअर गेला की टोकांमध्ये एक मिलिव्होल्ट येतो. मीटरवर १३४ दिसले की धारा १३४ मिलिॲम्पिअर. फ्यूज उडण्याची भीती नाही आणि पट्टी बदलण्याची कटकटही नाही.

हा एक ओहम खरंच एक ओहम आहे का, हा प्रश्न रास्त आहे. त्यावरही J आहे, म्हणजे तो ०.९५ ते १.०५ यांपैकी काहीही असू शकतो. पण आपल्याला रोधाची अचूक किंमत काढायची नाही, गुणोत्तर बदलतं की नाही एवढंच बघायचं आहे. एक ओहम प्रत्यक्षात १.०४ असेल तर सगळ्या धारा चार टक्के जास्त दिसतील, सगळी गुणोत्तरं त्याच प्रमाणात कमी येतील, आणि स्थिर असलेलं गुणोत्तर स्थिरच राहील. प्रमाणाची चूक इथे निरुपद्रवी असते. शून्याची चूक मात्र घातक. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्यावर आकडा शून्याऐवजी २ दाखवत असेल, तर ३९ च्या वाचनात पाच टक्क्यांची चूक शिरते आणि ३८९ च्या वाचनात अर्ध्या टक्क्याची. तशाने सरळ रेषाही सुरुवातीला वाकलेली दिसते. त्यामुळे सुरू करण्याआधी पिना टेकवून आकडा बघा, आणि शून्य नसेल तर प्रत्येक वाचनातून तेवढा वजा करा.

जोडणी

सेलच्या धन टोकापासून तपासायची वस्तू, तिथून एक ओहम, तिथून सेलचं ऋण टोक, असा एकच रस्ता. पहिला मल्टिमीटर 20 या व्होल्टेजच्या पट्टीवर, त्याच्या पिना थेट तपासायच्या वस्तूच्या पायांवर. बल्बच्या बाबतीत होल्डरच्या तारांवर नव्हे, बल्बच्या स्वतःच्या पायांवर. मगरचिमट्याचा सांधा सहज ०.१ ओहम खातो. ३३ ओहमपुढे हे काहीच नाही, पण थंड बल्बचा रोधच तीन ओहमच्या आत असतो, तिथे चार टक्क्यांची चूक नुसत्या चिमट्याने होते. दुसरा मल्टिमीटरही तसाच थेट एक ओहमच्या पायांवर.

पहिला मीटर चुकून वस्तू आणि एक ओहम दोन्ही धरून लावला जाणं, ही नेहमीची चूक. गंमत अशी की रेझिस्टरच्या आकड्यांत ती पकडता येत नाही: सगळीकडे ३४.२ ओहम येतं आणि गुणोत्तर अगदी छान स्थिर दिसतं. बल्बच्या पहिल्या बिंदूला मात्र ३.६ च्या जागी ४.६ येतं.

दोन्ही मीटरची लाल पिन VΩmA या भोकात आहे ना, ते बघा. 10A च्या भोकात राहिलेली पिन सेलला लागली तर तो सरळ शॉर्ट असतो.

रेझिस्टरची वाचनं

एक, दोन, तीन, चार, सहा आणि आठ सेलवर वाचनं घ्या. दोन्ही आकडे एकाच वेळी लिहा, कारण सेलचं व्होल्टेज हळूहळू उतरत असतं. एका क्षणाचं व्होल्टेज आणि दहा सेकंदांनंतरची धारा यांची जोडी लावायची नसते. बारा व्होल्ट भरायलाच हवेत असं नाही. ११.७ आले तर ११.७ लिहायचे. प्रत्येक वाचनानंतर चिमटा काढा. बारा व्होल्टवर हा रेझिस्टर मिनिटाभरात हात लावता येणार नाही इतका तापतो.

या जोडणीत साधारण असे आकडे येतात:

| सेल | विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिॲम्पिअर) | गुणोत्तर (ओहम) |
|---|---|---|---|
| १ | १.४९ | ४५ | ३३.१ |
| २ | २.९८ | ९० | ३३.१ |
| ३ | ४.४६ | १३४ | ३३.३ |
| ४ | ५.९३ | १७९ | ३३.१ |
| ६ | ८.८४ | २६६ | ३३.२ |
| ८ | ११.७० | ३५२ | ३३.२ |

शेवटचा रकाना तंतोतंत सारखा नाही. मग तो स्थिर म्हणायचा का? याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, मीटरच्या टप्प्यावरून द्यायचं. धारेचा आकडा एका मिलिॲम्पिअरच्या टप्प्याने बदलतो. पहिल्या ओळीत ४५ ऐवजी ४४ धरले तर गुणोत्तर ३३.९ येतं, ४६ धरले तर ३२.४. म्हणजे तिथे ३२.४ ते ३३.९ मधलं काहीही मीटरच्या क्षमतेत बसतं. शेवटच्या ओळीत हीच पट्टी ३३.१ ते ३३.३ इतकी अरुंद होते. सहाही ओळींच्या पट्ट्यांना एक समान किंमत, ३३.२, लागू पडते, म्हणून गुणोत्तर स्थिर. वरच्या वाचनांत ते एक-दोन टक्के सलग चढताना दिसलं, तर रेझिस्टर बराच वेळ जोडलेला राहून तापला असेल. थंड होऊ द्या आणि तेच वाचन पटकन पुन्हा घ्या.

बल्बची वाचनं

बल्बला थेट एक सेल जोडला तरी पायांवर जवळपास दीड व्होल्ट येतात, आणि तोवर आलेख वाकून झालेला असतो. त्याहून खालचे बिंदू मिळवण्यासाठी तोच ३३ ओहमचा रेझिस्टर बल्बच्या आधी एकसर जोडा. पहिला मीटर मात्र फक्त बल्बवरच ठेवा. एका सेलवर असं केलं की बल्बला ०.१४ व्होल्टच मिळतात. हा आकडा वाचताना पहिला मीटरही 2000m वर घ्या, म्हणजे १४० मिलिव्होल्ट असा स्वच्छ दिसतो. दोन आणि चार सेलवर आणखी दोन बिंदू घ्या, मग ३३ ओहम काढून थेट सेलवर जा.

प्रत्येक पायरीवर चार-पाच सेकंद थांबा. फिलामेंट सेकंदाच्या आतच आपल्या तापमानाला स्थिरावतं, थांबायचं ते मीटरसाठी.

| जोडणी | विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिॲम्पिअर) | गुणोत्तर (ओहम) |
|---|---|---|---|
| १ सेल + ३३ ओहम | ०.१४ | ३९ | ३.६ |
| २ सेल + ३३ ओहम | ०.५४ | ७३ | ७.४ |
| ४ सेल + ३३ ओहम | १.५५ | १३० | ११.९ |
| १ सेल थेट | १.४७ | १२६ | ११.७ |
| २ सेल थेट | २.९३ | १८४ | १५.९ |
| ३ सेल थेट | ४.३६ | २२९ | १९.० |
| ४ सेल थेट | ५.७९ | २६८ | २१.६ |
| ६ सेल थेट | ८.६१ | ३३३ | २५.९ |
| ८ सेल थेट | ११.४० | ३८९ | २९.३ |

तुमच्या बल्बचे आकडे थोडे वेगळे येतील, चढण अशीच येईल. ३.६ पासून २९.३ पर्यंत, म्हणजे आठपट. मीटरच्या टप्प्याने किंवा सैल चिमट्याने इतका फरक पडत नाही.

तिसरी आणि चौथी ओळ जवळजवळ एकच बिंदू आहे. एकदा चार सेल आणि मध्ये रेझिस्टर, एकदा एकच सेल. पुरवठा पूर्ण वेगळा असूनही बल्बच्या टोकांवर जवळपास सारखं विभवांतर आलं की धाराही तशीच येते. वाकणारी रेषा सेलची नसून बल्बचीच आहे, याचा हा पुरावा आहे. तुमच्याकडे या दोन ओळी जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, कुठला तरी सांधा सैल आहे किंवा व्होल्टमीटर चुकीच्या जागी लागला आहे.

आलेख काढताना

दोन्ही वस्तू एकाच आलेखकागदावर, एकाच प्रमाणात घ्या. आडव्या अक्षावर विभवांतर, एक सेंटिमीटरला एक व्होल्ट. उभ्या अक्षावर धारा, एक सेंटिमीटरला ५० मिलिॲम्पिअर. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करा. संगणकावर आलेख काढणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण स्प्रेडशीट कधीकधी अक्ष स्वतःच मधूनच सुरू करते आणि मग बल्बची रेषाही बरीच सरळ भासते. बिंदू जोडताना पट्टीने ठिपक्याला ठिपका जोडू नका. रेझिस्टरच्या बिंदूंमधून एकच सरळ रेषा, बल्बच्या बिंदूंमधून एक गुळगुळीत वक्र.

रेझिस्टरची रेषा आरंभबिंदूतून निघून सरळ जाते. बल्बचा वक्र सुरुवातीला तिच्यापेक्षा कितीतरी उभा चढतो, मग आडव्या अक्षाकडे झुकत जातो. अक्षांची अदलाबदल केलीत तर तोच वक्र वरच्या दिशेला वळलेला दिसेल. परीक्षेत आकृती ओळखायला आली की आधी कुठल्या अक्षावर काय आहे ते वाचायचं, ते याचसाठी.

आता यातले दोन सापळे.

पहिला असा की बल्बच्या वक्राचा सहा ते बारा व्होल्टमधला तुकडा तेवढाच पाहिला तर तो जवळपास सरळ वाटतो. रेषा सरळ म्हणून गुणोत्तर स्थिर, असा निष्कर्ष मग सहज निघतो. वरच्या तक्त्यातले ५.७९ आणि ११.४० व्होल्टचे बिंदू जोडून ती रेषा डावीकडे वाढवून बघा. ती शून्यातून जात नाही, उभ्या अक्षाला १४० मिलिॲम्पिअरच्या आसपास भिडते. शून्य व्होल्टला १४० मिलिॲम्पिअर धारा कुठून येणार? गुणोत्तर स्थिर असण्यासाठी रेषा सरळ असणं पुरत नाही, ती आरंभबिंदूतूनही जायला हवी.

दुसरा सापळा चढाचा. रेझिस्टरच्या बाबतीत रेषेचा चढ काढून त्याचा व्यस्त घेतला की रोध मिळतो. हीच सवय बल्बच्या वक्रावर चालवली तर चूक होते. त्याच दोन बिंदूंमध्ये विभवांतर ५.६१ व्होल्टने वाढलं आणि धारा १२१ मिलिॲम्पिअरने. भागाकार ४६ ओहम. पण या तुकड्यात बल्बचा रोध २१.६ पासून २९.३ पर्यंतच आहे, ४६ कुठेच नाही. वक्रावरच्या एखाद्या बिंदूपाशी रोध हवा असेल तर आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा काढा आणि तिच्या चढाचा व्यस्त घ्या. बिंदूला टेकणाऱ्या स्पर्शिकेचा चढ ही वेगळी राशी आहे: तिथून पुढे व्होल्टेज थोडं वाढवलं तर धारा किती वाढेल, एवढंच ती सांगते.

मूळ प्रश्न गुणोत्तराचा असल्याने एक दुसरा आलेख जरूर काढावा: आडव्या अक्षावर विभवांतर, उभ्यावर सरळ गुणोत्तरच. रेझिस्टरची आडवी रेषा ३३ वर पडून राहते आणि बल्बची तीनपासून चढत तिशीपर्यंत पोचते. पहिल्या आलेखात जे नजरेने ठरवावं लागतं ते इथे वादापलीकडे जातं. फक्त बारा व्होल्टजवळ एकच वाचन घेणारा कसा फसतो, तेही इथे दिसतं. ३३ आणि २९, म्हणजे दोन्ही वस्तू जवळपास सारख्याच, असं त्याला वाटेल.

बल्बचं गुणोत्तर का चढतं

फिलामेंट टंगस्टनचं असतं. तापमान वाढलं की टंगस्टनच्या अणूंची थरथर वाढते, वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनना जास्त अडथळा होतो आणि रोध वाढतो. खोलीच्या तापमानापासून सुरुवातीला दर अंशाला रोध जेमतेम अर्धा टक्का वाढतो, पण ही तार बारा व्होल्टवर सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणून फरक दहापटीच्या घरात पोचतो. एका सेलवर अंधाऱ्या खोलीत बल्ब पाहा. प्रकाश म्हणावा असा नसतो, मंद तांबूस तार तेवढी दिसते. तरी गुणोत्तर तोवर थंड अवस्थेच्या चौपट झालेलं असतं. उजेड दिसू लागण्याच्या बऱ्याच आधीपासून तार तापू लागलेली असते.

सिमेंटच्या रेझिस्टरमध्येही तारच असते आणि तीही तापते. पण ती मुद्दाम अशा मिश्रधातूची निवडलेली असते की तापमानाने तिचा रोध फारसा हलत नाही, आणि आकाराने मोठी असल्याने ती फिलामेंटइतकी तापतही नाही.

ओहमच्या नियमात तापमान आणि इतर भौतिक अवस्था कायम असताना, अशी अट असते. बल्बने नियम मोडला म्हणण्यापेक्षा आपण अट मोडली म्हणणं बरोबर. हे नुसतं मानून घ्यायची गरज नाही, याच सामानात तपासता येतं. ३३ ओहमच्या जागी एक किलोओहमचा रेझिस्टर बल्बच्या आधी एकसर जोडा. आता बारा व्होल्टवरही धारा बारा मिलिॲम्पिअरच्या आसपासच राहते आणि फिलामेंटमध्ये अर्ध्या मिलिवॅटपेक्षा कमी उष्णता तयार होते, म्हणजे तापमान फार तर चार-पाच अंशांनी वाढतं. दोन्ही मीटर 200m या व्होल्टेजच्या पट्टीवर आणा, म्हणजे ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचता येईल. पिना टेकवून शून्य पुन्हा तपासा, कारण इथे ०.२ ची चूकही मोठी ठरते.

| सेल | बल्बवर (मिलिव्होल्ट) | धारा (मिलिॲम्पिअर) | गुणोत्तर (ओहम) |
|---|---|---|---|
| २ | ८.३ | ३.१ | २.७ |
| ४ | १६.८ | ६.२ | २.७ |
| ८ | ३४.२ | १२.४ | २.८ |

धारा चौपट झाली, गुणोत्तर जवळजवळ तिथेच. या पट्ट्यात हाच बल्ब सरळ रेषा देतो, तीही शून्यातून जाणारी. शेवटच्या ओळीतली किंचित वाढ मात्र मीटरची नसून त्या चार-पाच अंशांची असण्याची शक्यता जास्त आहे. खात्री करायची असेल तर आठ सेलवर जोडणी तशीच ठेवून बल्बच्या काचेवर काही मिनिटं तळहात धरा आणि मिलिव्होल्टचा आकडा वर सरकतो का ते बघा.